आरटीआयचं उत्तर दुसऱ्यांदा लिहिताना: 2 ते 13 फेब्रुवारीच्या नोंदी

2 फेब्रुवारी 2026, सोमवार

बीडीओ ऑफिसातून अपिलाचा निकाल आज टपालात आला. निकाल आमच्या विरोधात गेलाय, आणि बरोबर गेलाय. मी उत्तर गोव्यातल्या एका पंचायतीचा सचिव आहे. म्हणजे माहितीच्या अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारी, पीआयओ, तोही मीच आणि अपिलात रद्द झालेलं उत्तरही माझंच. दुसऱ्या कुणा सचिवावर ही वेळ आली तर उपयोगी पडावं म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवतोय.

प्रकरण साधं आहे. गावातल्या एका सर्व्हे नंबरात घर बांधलं जातंय. अर्जदारानं 1 डिसेंबरला पाच गोष्टी मागितल्या: बांधकाम परवान्याची सगळी फाईल नकाशांसकट, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, बांधकामाविरुद्ध आलेल्या तक्रारी आणि त्यांच्या आवक नोंदी, जागेच्या पाहणीचा अहवाल, आणि पंचायतीनं अजून कारवाई का केली नाही याचं कारण.

26 डिसेंबरला मी काय कळवलं होतं? पेनड्राइव्हवर आधीच्या सचिवाचा इंग्रजी मसुदा होता, त्यात नंबर बदलले. झेडपी निवडणुकीच्या कामात सगळा महिना गेला होता, हे कारण खरं असलं तरी पुरेसं नाही. मराठीत सांगायचं तर उत्तर असं होतं: "मुद्दा 1, सोबत जोडले आहे. मुद्दा 2, उपलब्ध नाही. मुद्दा 3, त्रयस्थाची माहिती असल्याने कलम 8 नुसार देता येत नाही. मुद्दा 4, प्रकरण प्रक्रियेत आहे. मुद्दा 5, माहितीच्या व्याख्येत बसत नाही." खाली सही आणि शिक्का. नाव नाही, अपील कुठे करायचं तेही नाही.

सुनावणीत अर्जदारानं एकच प्रश्न विचारला. "मला चौदा पानं मिळाली. फाईलीत एकूण किती आहेत?" मला सांगता येईना. बीडीओंनी माझ्याकडे पाहिलं, मी फाईलीकडे.

निकालात म्हटलंय: प्रत्येक मुद्द्यावर स्वतंत्र, कारणांसह नवं उत्तर 15 दिवसांत द्यावं, प्रतींचे पैसे घेऊ नयेत, आणि नव्या उत्तरावर समाधान नसेल तर अर्जदाराला पुन्हा पहिलं अपील करता येईल. मुदत 17 तारखेला संपते. पण 14 ला कार्निव्हल सुरू, 15 ला महाशिवरात्र, म्हणून मी स्वतःला 13 ची मुदत घातली आहे.

संध्याकाळी माहिती अधिकार कायदा काढून कलम 10 वाचलं. इतकी वर्षं नोकरी करतोय, पण 10(2) सलग कधी वाचलं नव्हतं. काही भाग देऊन काही रोखायचा असेल तेव्हा अर्जदाराला काय काय कळवायचं, ते तिथे ओळीनं लिहिलंय. जे देतोय ते वगळून उरलेला भाग आहे, हे सांगायचं. निर्णयाची कारणं द्यायची, आणि वस्तुस्थितीबद्दल काही ठरवलं असेल तर ते कुठल्या कागदावरून ठरवलं तेही. निर्णय देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहायचा. शुल्काचा हिशेब मांडायचा. आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत, कसं करायचं ते कळवायचं. माझ्या जुन्या उत्तरात यातलं एकही नव्हतं.

3 फेब्रुवारी

आज फक्त पानं मोजली. हसू येईल, पण याला साडेतीन तास गेले. फाईल दोऱ्यात ओवलेली, त्यात एकाच पत्राच्या तीन झेरॉक्स, एक पान उलटं, एका नकाशाची घडी दुसऱ्या पत्रात अडकलेली. पेन्सिलनं वरच्या उजव्या कोपऱ्यात नंबर घातले. पहिल्यांदा 59 आले, दुसऱ्यांदा 56. फरक त्या जादा झेरॉक्सचा. 56 धरले. आवक वहीची संबंधित दोन पानं वेगळी, त्यांना 57 आणि 58 नंबर दिला.

मग एका कोऱ्या कागदावर ओळी आखल्या: पान नंबर, काय आहे, पूर्ण देणार की काही झाकून की अजिबात नाही, आणि कारण. उत्तराचा एकही शब्द लिहिण्याआधी हा तक्ता पुरा करायचा असं ठरवलं. डिसेंबरात मी नेमकं उलटं केलं होतं. आधी उत्तर लिहिलं, मग त्याला शोभतील ती पानं काढली.

फाईलीत तक्रारी दोन निघाल्या. एक टाइप केलेली, खाली मोबाइल नंबर, प्रती सात ऑफिसांना पाठवलेल्या. दुसरी हातानं लिहिलेली, दोन पानी, शेवटी अधोरेखित: "कृपया माझे नाव गुप्त ठेवावे." जुन्या उत्तरात मी दोघींना एकाच वाक्यात उडवलं होतं.

दुसऱ्या तक्रारदाराला कलम 11 ची नोटीस पाठवायला हवी होती. स्वतःची म्हणून गुपित ठेवायला सांगितलेली माहिती दुसऱ्याला द्यायचा विचार असेल तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्रयस्थाला कळवायचं, आणि त्यानं दहा दिवसांत म्हणणं मांडायचं, असं ते कलम आहे. डिसेंबरात मी ती पाठवलीच नाही. तरीही "त्रयस्थाची माहिती" असं कारण दिलं. "त्रयस्थ आहे" हे नाकारण्याचं कारणच नव्हे. ती विचारण्याची पायरी आहे. आज नोटीस पाठवली, उशीर झाल्याचं तिच्यातच लिहून.

पाठवताना एक लक्षात आलं. आमचा शिपाई नोटिसा डायरीवर सही घेऊन देतो आणि वाटेत तिन्ही दुकानांवर थांबतो. त्याच्या हाती ही नोटीस दिली असती तर नाव गुप्त ठेवण्याचा प्रश्नच मिटला असता. बंद पाकीट, स्पीड पोस्ट.

5 फेब्रुवारी

दोन दिवस मुद्दा 2 वर गेले, म्हणजे "उपलब्ध नाही" या दोन शब्दांवर.

या शब्दांचे तीन अर्थ होतात आणि अर्जदाराला कुठला ते कळत नाही. असा कागद कधी नव्हताच. किंवा आहे, पण दुसऱ्या ऑफिसात. किंवा इथे असायला हवा, पण सापडत नाही. पहिल्या बाबतीत तसं स्पष्ट लिहून विषय संपतो. दुसऱ्या बाबतीत कलम 6(3) खाली तेवढा भाग पाच दिवसांत त्या ऑफिसकडे पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचं. तिसरी गोष्ट वाईट, कारण माहिती नाकारायच्या ज्या सुटी कलम 8 मध्ये आहेत, त्यांत "हरवलं" ही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 2013 साली विश्वास भांबुरकर प्रकरणात हेच म्हटलंय: कागद मिळत नाही एवढं सांगून सुटता येत नाही, नीट शोध घ्यायला हवा, आणि तरीही नाही मिळाला तर जबाबदारी ठरवायला हवी.

आमचा प्रकार तिसरा होता. परवान्यात तांत्रिक मंजुरीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली आहे. म्हणजे परवाना देताना कागद कुणीतरी हातात धरलेला. फाईलीत मात्र नाही. मी दोन्ही कपाटं, जुने गठ्ठे, मीटिंगच्या फाईली पाहिल्या. काल सबंध दिवस आणि आज दुपारपर्यंत.

क्लार्क बाई म्हणाल्या, "सर, त्या घराची घरपट्टी लावायला कोणी अर्ज केला होता का?"

केला होता. बांधकाम पुरं व्हायच्या आतच. आणि त्या घरपट्टीच्या फाईलीत मंजुरीची मूळ दोन पानं टाचणीनं लावलेली. कोणीतरी आकार बघायला नेली आणि परत ठेवली नाहीत. पान 59 आणि 60.

कुठे सापडलं ते उत्तरात लिहायचं की नाही, यावर थोडा विचार केला. लिहायचं ठरवलं. आधी "उपलब्ध नाही" म्हटलं आणि आता देतोय, तर मधे काय झालं हे अर्जदार विचारणारच. एक वाक्य पुरेल: "26 डिसेंबरच्या उत्तरात उपलब्ध नाही असे कळवले होते, पुन्हा शोध घेता ही पाने याच कार्यालयाच्या घरपट्टी फाईलीत मिळाली."

6 फेब्रुवारी

मुद्दा 4, पाहणी अहवाल. "प्रकरण प्रक्रियेत आहे" म्हणताना माझ्या मनात 8(1)(एच) होतं: तपासात किंवा कारवाईत अडथळा येईल अशी माहिती. इथे अक्षरांबद्दल सावध करतो. कायद्याच्या मराठी पाठात हेच पोटकलम (ज) आहे, आणि इंग्रजीतलं (जे), म्हणजे वैयक्तिक माहितीचं, मराठीत (ञ) आहे. "8(1)(ज)" लिहिलं की निम्मे लोक त्याला जे समजतात. मी सगळीकडे इंग्रजी अक्षराचा उच्चार लिहितोय, एच, जे, जी, आणि पहिल्या वेळी शब्दांत अर्थही.

प्रश्न असा की अडथळा कसा येईल? चौकशी चालू आहे एवढं पुरत नाही, माहिती दिल्यानं ती कशी अडेल ते दाखवावं लागतं. भगत सिंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं 2007 साली ते सांगितलंय. आणि कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं माझ्यावर असतं, अर्जदारावर नाही. म्हणून मी स्वतःलाच सांगून बघितलं: "हा अहवाल दिला तर..." पुढे वाक्य सुचेना.

मग फाईल उलटली तर पान 33 वर पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खालची कारणे दाखवा नोटीस, आणि तिच्यासोबत पाहणी अहवालाची प्रत घरमालकाला दिल्याची पोच. ज्याच्याविरुद्ध कारवाई आहे त्याच्याच हातात अहवाल दोन महिने आहे! मग तो कोणापासून लपवत होतो मी? पूर्ण द्यायचा. फक्त पंचनाम्यावरच्या पंचांचे फोन नंबर झाकायचे.

सरपंच दुपारी येऊन म्हणाले, "तो अहवाल देऊ नका बाब, उद्या पेपरात येईल." मी म्हटलं की निर्णय पीआयओ म्हणून माझा, आणि विनाकारण नाकारलं तर दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25 हजारांपर्यंतचा दंडही माझ्याच पगारातून. ते काही बोलले नाहीत. चहा मात्र अर्धा ठेवून गेले.

9 फेब्रुवारी

आज या कामातली सगळ्यात मोठी चूक टळली, आणि ती मी टाळली नाही.

दुसरा तक्रारदार नोटीस घेऊन आला. दार लावून बसलो. मी त्याला झाकलेली प्रत दाखवली. नाव काळं, पत्ता काळा, सही काळी. म्हटलं, मजकूर दिला तर हरकत आहे का? त्यानं पहिलं पान पाहिलं आणि लगेच म्हणाला, "हे दिलंत तर संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्याला कळेल."

"नाव कुठे आहे यात?"

"नाव कशाला हवं? अक्षर बघा ना. देवळाच्या वर्गणीच्या पावत्या पंधरा वर्षं मीच लिहितो. प्रत्येकाच्या घरात माझं अक्षर आहे."

मला हे सुचलंच नव्हतं. त्यानं दुसऱ्या पानावर आणखी एका ओळीवर बोट ठेवलं. रस्त्यावर टाकलेल्या रेतीमुळे "आमच्या देवकार्याला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या" अडकल्या, असं त्यात होतं. त्या आठवड्यात वाड्यावर देवकार्य एकाच घरी होतं.

झाकणं म्हणजे नाव पुसणं असा माझा समज होता. झाकायची असते ओळख, आणि ती कुठून फुटेल हे त्या गावच्या माणसालाच कळतं. नोटीस पाठवली नसती तर मी ती प्रत शिक्का मारून देऊन बसलो असतो.

त्यानं तिथेच लिहून दिलं: मजकूर द्यायला हरकत नाही, पण हस्ताक्षर आणि ती ओळ नको. त्यामुळे दहा दिवस थांबायची गरज उरली नाही. उपाय असा काढला की झेरॉक्सऐवजी टाइप केलेली प्रत द्यायची, पानाला पान. मूळ पान 41 वरचा मजकूर टाइप केलेल्या 41 वर, 42 वरचा 42 वर, वगळलेल्या जागी तसं लिहून, आणि खाली "मुळाबरहुकूम, वगळलेला भाग सोडून" असं प्रमाणित करून. झेरॉक्स का नाही ते उत्तरात सांगायचं. कोणी म्हणेल की मागितली होती झेरॉक्स. म्हणू दे, कारण लेखी आहे.

10 फेब्रुवारी

काळं करण्याचा दिवस. टीप: मूळ कागदाला हात लावायचा नाही, हे माहीत असूनही मार्कर उघडून मी फाईलच पुढे ओढली होती. क्लार्क बाईंनी हात धरला.

झेरॉक्स काढली, तिच्यावर मार्कर फिरवला, खिडकीशी धरली. मोबाइल नंबरचे दहाही आकडे उन्हात दिसतात. मग काळ्या केलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढली आणि द्यायला ती ठेवली, तिच्यात मागून काही दिसेना. ज्यांना पीडीएफ पाठवायची असेल त्यांनी फाईलीत काळी चौकट ओढून थांबू नये. खालचा मजकूर निवडून कॉपी करता येतो. छापून झाकून पुन्हा स्कॅन करावं.

प्रत्येक काळ्या पट्टीशेजारी पेननं "जे" किंवा "जी" लिहिलं. जी म्हणजे 8(1)(जी), कायदा राबवण्यासाठी विश्वासानं माहिती देणाऱ्याची ओळख. यामुळे अर्जदार पान हातात घेऊनच विचारू शकतो की इथे जे का.

आवक वहीला सगळ्यात वेळ लागला. दोन्ही पानांवर मिळून बावीस नोंदी, त्यातल्या आपल्या फक्त दोन. बाकीच्या वीस मागितलेल्याच नाहीत, म्हणून त्यांना कुठलंही कलम लावायचं नाही. "अर्जाशी संबंध नाही" असं लिहून कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवून झेरॉक्स काढली. पहिल्या मसुद्यात मी त्यांनाही "जे" लावलं होतं. उगाच नाकारल्यासारखं दिसलं असतं.

मोठे तीन नकाशे आमच्या मशीनवर येत नाहीत. म्हापशाला जाऊन काढून आणले, 240 रुपये आणि अर्धा दिवस. पैसे पंचायतीच्या खर्चात.

11 फेब्रुवारी

परवान्याच्या फाईलीत दोन सहमालकांची आधार कार्डं, दोन्ही बाजू, चार पानं; आणि पॅनची दोन. ही सहा पानं अजिबात द्यायची नाहीत. यात वाद नाही, पण कारण लिहिताना घोळ झाला. पेनड्राइव्हवरचा मजकूर चिकटवला: "सार्वजनिक हिताशी संबंध नाही आणि खासगी जीवनात अनाठायी घुसखोरी होईल." ही 8(1)(जे) ची जुनी भाषा. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानं हे पोटकलम बदललं आणि तो बदल नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाला. आता तिथे एवढंच उरलंय की वैयक्तिक माहिती देण्याचं बंधन नाही. संसदेला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारू नये, ही जुनी ओळही तिथून गेली. अर्ज डिसेंबरचा, म्हणजे नवी भाषाच लागते.

नव्या भाषेमुळे पीआयओचं काम सोपं झालं असं वाटतं. मला उलट वाटतं. पूर्वी वाक्यातच तोलायला भाग पाडलेलं होतं. आता तोलायचं कलम 8(2) खाली: लोकहित मोठं असेल तर सूट असूनही माहिती देता येते. म्हणून मी दोन्ही लिहिलं. आधारचे आकडे दिल्यानं परवाना नियमात आहे की नाही हे तपासायला काहीच मदत होत नाही, उलट गैरवापर होऊ शकतो. सहमालकांची नावं मात्र परवान्यावरच आहेत, ती झाकली नाहीत. नवी भाषा हाताशी धरून नावं, सह्या, परवाना क्रमांक सगळंच "वैयक्तिक" म्हणून काळं करायचा मोह होतो. पंचायतीच्या परवान्यावरचं परवानाधारकाचं नाव झाकलं तर मागे वाचण्याजोगं उरतं काय?

मुद्दा 5, "कारवाई का केली नाही". 2008 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं सेल्सा पिंटो प्रकरणात ठरवलंय की "का"चं उत्तर देणं माहितीच्या व्याख्येत येत नाही; जे नोंदीत आहे ते द्यायचं, कारणं तयार करून द्यायची नाहीत. हे आमच्याच राज्य माहिती आयोगासमोरचं प्रकरण. म्हणून डिसेंबरात तसं उत्तर दिलं ते कायद्यानं चूक नव्हतं. पण अर्धं होतं. कारण नोंदीत काहीतरी होतं: पंचायतीच्या मीटिंगमध्ये हा विषय पुढच्या बैठकीपर्यंत ठेवल्याचा ठराव. ती दोन पानं, 61 आणि 62, आता देतोय. ठरावात कारण लिहिलेलं नाही हेही सांगतोय, म्हणजे कुठेतरी असेल म्हणून अर्जदार शोधत बसणार नाही.

12 फेब्रुवारी

मसुदा. सकाळी पहिला लिहिला, सात पानं झाली. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की सदर" अशी सुरुवात. क्लार्क बाईंना वाचायला दिला. त्यांनी मुद्दा 3 दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे दिलं की नाही दिलं?"

पुन्हा लिहिला, तीन पानं. नियम एकच ठेवला: प्रत्येक मुद्द्याचं पहिलं वाक्य निर्णय, दुसरं कुठली पानं, त्यानंतर कारण. अर्ज मराठीत होता, उत्तरही मराठीत. मुद्दा 3 आता असा आहे:

"मुद्दा 3. दोन तक्रारी व त्यांच्या आवक नोंदी. काही भाग वगळून देत आहे. पहिली तक्रार, पान 39 व 40: पूर्ण, फक्त तक्रारदाराचा मोबाइल नंबर झाकला आहे, कलम 8(1)(जे), वैयक्तिक माहिती. नाव झाकलेले नाही, कारण ही तक्रार उघडपणे सात कार्यालयांना पाठवलेली आहे. दुसरी तक्रार, पान 41 व 42: टाइप केलेली प्रत. तक्रारदाराचे नाव, पत्ता, सही, हस्ताक्षर आणि पान 42 वरील एक ओळ वगळली आहे, कलम 8(1)(जी). तक्रारीतच नाव गुप्त ठेवण्याची विनंती आहे, याच तक्रारीवरून पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली पाहणी झाली, आणि कलम 11 खाली विचारल्यावर तक्रारदाराने तसे लेखी कळवले आहे. वगळलेल्या ओळीत बांधकामाबद्दल, पान 41 वर नाही असे काही नाही. आवक वही, पान 57 व 58: या दोन तक्रारींच्या नोंदी, दुसरीतील नाव त्याच कारणाने झाकले आहे."

शेवटून दुसऱ्या वाक्यावर बराच वेळ घालवला. झाकलेल्या ओळीत काहीतरी मोठं दडलंय असं कोणालाही वाटतं. ओळ न फोडता तिथे काय नाही ते सांगता येतं, हे लिहिता लिहिता सुचलं. लिहिण्याआधी दोन्ही पानं समोर ठेवून ताडून पाहिली. रेतीची तक्रार खरोखरच पान 41 वरही आहे.

वरती एक छोटा हिशेब घातला: एकूण पानं 62. पूर्ण दिली 48. काही झाकून दिली 8. रोखली 6, त्यांचे पान नंबर अमुक. शुल्क: प्रतीला पानामागे दोन रुपये धरून जे झालं असतं ते अपिलाच्या निकालामुळे माफ, अर्जदारानं भरायचं शून्य. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, आणि 30 दिवसांत अपील बीडीओंकडे, त्यांच्या ऑफिसचा पत्ता, अपिलासोबत हे उत्तर जोडावं.

13 फेब्रुवारी, शुक्रवार

अर्जदाराला फोन करून बोलावलं. साडेअकराला आले. म्हटलं, इथेच मोजून घ्या. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक पान उलटत हिशेबावर टिचक्या मारत गेले. मी निवांत होतो. छप्पन्न पानं मी स्वतः दोनदा मोजली होती.

"सदतीस दोनदा आहे," ते म्हणाले. "अडतीस नाही."

छप्पन्नच होती, फक्त एक चुकीचं. फाईल काढली, 38 ची झेरॉक्स काढली, शिक्का मारला, जादा 37 परत घेतलं. त्यांनी पोचेवर सही केली आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "62 पैकी 56 पाने मिळाली, पान 38 समक्ष बदलून मिळाले." मग आधार आणि पॅनच्या सहा पानांचे नंबर बघून म्हणाले, "ही मला नकोच होती."

मुद्दा 5 वर ते थांबले. ठरावाची दोन पानं पुन्हा वाचली आणि पुढची बैठक कधी आहे ते विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी ती पाकिटावर लिहून घेतली.